बाहेरचा बर्फ आत

आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा मी पहिल्यांदा फिरवला तेव्हा नऊ वर्षांची होते. लाकडी बादली, तिच्या मधोमध पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर दातेरी चाकाला जोडलेला दांडा. काका गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून दगडी वरवंट्याने ती फोडायचे. मग बादलीत बर्फाचा एक थर, त्यावर जाड्या मिठाची एक मूठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मी विचारलं, "काका, मीठ कशाला?" ते म्हणाले, "मिठाने बर्फ जास्त गार होतो गं." आणि लगेच दुसऱ्या श्वासात म्हणाले, "आता भराभर फिरव, मिठामुळे बर्फ लवकर वितळतो."

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कित्येक वर्षं एकमेकांशी भांडत राहिली. बर्फ वितळतो म्हणजे तो ऊब खातो, एवढं मला कळत होतं. मग जो लवकर वितळतो तो जास्त गार कसा? दोन्हीपैकी एक काहीतरी चुकीचं असणार, असं मी धरून चालले होते. पुढे शिकताना लक्षात आलं की काकांची दोन्ही वाक्यं खरी होती. मधला एक शब्द तेवढा सांगायचा राहिला होता: "म्हणूनच". तो लवकर वितळतो, म्हणूनच जास्त गार होतो.

पण त्याआधी, नुसत्या बर्फाने का भागत नाही ते बघू. शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो, आणि वितळायला लागलेला बर्फ पूर्ण पाणी होईपर्यंत शून्यावरच राहतो. आपल्या डब्यात मात्र साधं पाणी नाही, दूध आणि साखर आहे. एक लिटर दूध, पाव किलो साय आणि पाव किलो साखर असं माझं नेहमीचं प्रमाण आहे. हे मिश्रण शून्याला गोठत नाही. त्यात बर्फाचा पहिला कण धरायलाच उणे दोनच्या आसपास जावं लागतं. म्हणजे शून्य अंशाच्या बर्फात हा डबा रात्रभर बुडवून ठेवला तरी आत थंडगार दूध मिळेल, आइस्क्रीम कधीच मिळणार नाही. उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे जाते. दोन्ही बाजू शून्यावर आल्या की देवाणघेवाण संपली.

इथे एक मजेची गोष्ट आहे. दूध शून्याला गोठत नाही ते साखरेमुळे, आणि बर्फ शून्याच्या खाली उतरतो तो मिठामुळे. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना एकच युक्ती चालू आहे. आत साखर पाण्याला गोठू देत नाही, बाहेर मीठ बर्फाला टिकू देत नाही. आइस्क्रीम जमायचं तर बाहेरच्या मिठाने आतल्या साखरेवर मात करायला हवी.

ही मिठाची करामत डोळ्यांनी बघायची असेल तर पॉट लागत नाही. स्टीलचे दोन पेले घ्या. दोन्हींत बारीक फोडलेला बर्फ भरा. एकात दोन-तीन चमचे जाडं मीठ घालून चमच्याने ढवळा, दुसरा तसाच ठेवा. मी हे माझ्या भाचीला करून दाखवलं तेव्हा ती दहा मिनिटं पेल्यांसमोरून हलली नाही. नुसत्या बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम आला. पाण्याचे थेंब जमून ओघळायला लागले. मिठाच्या पेल्याला मात्र आधी धुरकट छटा आली, मग तिचा पांढरा थर झाला, आणि नखाने खरवडला तर त्याचा बारीक चुरा निघाला. हवेतली वाफ तिथे पाणी होऊन थांबली नव्हती, तिचा बर्फ झाला होता. मग मी एका ओल्या बशीवर तो पेला ठेवला. पाच मिनिटांनी भाचीने पेला उचलला तर बशी त्याच्यासकट वर आली. "मावशी, चिकटली!" तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघून मला काकांची बादली आठवली.

आता आत काय घडतं ते. बर्फाचा खडा पाण्यात तरंगत असतो तेव्हा बाहेरून तो स्वस्थ दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागावर सतत ये-जा चालू असते. पाण्याचे काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून येऊन बर्फाला चिकटतात. शून्य अंशाला हे जाणं आणि येणं बरोबर सारखं असतं, म्हणून बर्फ ना वाढतो ना घटतो. आता त्या पाण्यात मीठ विरघळवा. मिठाचे कण पाण्यात पसरतात. बर्फाच्या घट्ट रचनेत मात्र त्यांना जागा मिळत नाही, बर्फ फक्त पाण्याचेच रेणू घेतो. त्यामुळे बर्फाकडे परतणाऱ्या रेणूंची संख्या घटते. सुटणाऱ्यांना मात्र मिठाशी काही देणंघेणं नसतं, ते पहिल्याच वेगाने सुटत राहतात. जमाखर्च बिघडतो आणि बर्फ वितळायला लागतो.

हे सुटणं फुकट होत नाही. बर्फातून एक ग्रॅम पाणी मोकळं करायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. हाच तो शाळेतला अप्रकट उष्मा. ही उष्णता द्यायला शेगडी नाही की ऊन नाही. मग ती येते कुठून? जवळ जे आहे त्यातून: उरलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून, बादलीच्या लाकडातून आणि डब्याच्या पत्र्यातून. ज्याच्याकडून ती घेतली जाते ते गार होतं. असं सगळंच गार होत गेलं की बर्फातून सुटणाऱ्या रेणूंचा वेगही मंदावतो, आणि एका तापमानाला जाणं-येणं पुन्हा जुळतं. पण आता हे जुळणं शून्याला होत नाही, त्याच्या बरंच खाली होतं.

मीठ स्वतःबरोबर थंडी घेऊन येत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मीठ पाण्यात विरघळताना थोडी उष्णता ओढतं हे खरं, आणि पुष्कळ जण तेच खरं कारण समजतात. पण ती ग्रॅममागे १६ कॅलरींच्या आसपास असते. एका पॉटमध्ये तीनशे ग्रॅम मीठ विरघळलं तर पाचेक हजार कॅलरी झाल्या. त्याच वेळी नऊशे ग्रॅम बर्फ वितळला तर त्याच्या होतात ७२ हजार. सगळं काम बर्फाचं वितळणंच करतं. मीठ एवढंच बघतं की शून्याच्या खाली गेल्यावरही ते वितळणं थांबू नये.

याला मर्यादा आहे. खारं पाणी जितकं जास्त खारट तितकं ते खाली उतरतं, पण वजनाने साधारण २३ टक्के मीठ झालं की तळ येतो: उणे २१ अंश. त्याच्या खाली मीठ आणि पाणी दोन्ही एकत्र गोठून घट्ट होतात, वितळायला काही उरत नाही. म्हणजे तीन-सव्वातीन भाग बर्फाला एक भाग मीठ हे टोकाचं प्रमाण. त्याहून जास्त टाकलेलं मीठ तळाशी नुसतं बसून राहतं. फॅरनहाइटने १७२४ साली आपल्या तापमापकाबद्दल लिहिलं तेव्हा त्याच्या शून्यासाठी त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांचंच मिश्रण घेतलं होतं. त्याचं शून्य म्हणजे आपलं जवळजवळ उणे १८. ज्या मापाने जगातले कितीतरी लोक आजही ताप मोजतात, त्या मापाचा शून्य बर्फ आणि क्षाराच्या भांड्यातून आलेला आहे.

आता माझ्या फसलेल्या आइस्क्रीमबद्दल सांगते, कारण हे सगळं मला तिथेच नीट कळलं. काकांचा पॉट माझ्या घरी आला त्यानंतरचा तो पहिलाच रविवार. तीन किलो बर्फ आणला. मीठ घालताना हात आखडला, एवढं मीठ वाया कशाला घालवायचं म्हणून दोनच मुठी टाकल्या, शंभर ग्रॅम असेल. दूध आटवून नुकतं निवलं होतं, तसंच डब्यात ओतलं. पंधरा-वीस मिनिटांत बादलीत पाणी साचलेलं दिसलं. वितळलेलं पाणी बर्फाला आणखी वितळवेल अशा समजुतीने मी ते ओतून टाकलं आणि वर ताजा बर्फ भरला. तासभर आळीपाळीने दांडा फिरवला. झाकण उघडलं तर आत दाट, सरबरीत, थंडगार दूध. चमचा उभा राहीना.

त्या रात्री कागद घेऊन बसले. माझं मिश्रण दीड किलो, त्यात पाणी जवळजवळ एक किलो. पॉटमधून काढताना त्यातलं निम्मं पाणी तरी गोठलेलं हवं, म्हणजे अर्धा किलो. त्यातून काढून घ्यायची उष्णता चाळीस हजार कॅलरी. पण त्याआधी सगळं मिश्रण उणे दोनपर्यंत उतरवायचं. फ्रीजमधून पाच अंशाला काढलं असतं तर त्याला नऊ हजार कॅलरी पुरल्या असत्या. मी ते तीस अंशाला ओतलं होतं, त्यामुळे आणखी बत्तीस हजारांचा भार पडला. बर्फाच्या हिशोबात सांगायचं तर चारशे ग्रॅम बर्फ केवळ दूध निवण्यात वितळला. काकू मिश्रण रात्रभर गारठवून ठेवायची ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी चूक मिठाची. बाहेर बर्फ वितळतो तसं खारं पाणी वाढत जातं, पण मीठ तेवढंच राहतं. शंभर ग्रॅम मीठ बाराशे ग्रॅम वितळलेल्या पाण्यात पसरलं की ते मिश्रण उणे पाचच्या आसपासच राहू शकतं. दोन किलो वितळलं की उणे तीन. म्हणजे बाहेरची बाजू वेळ जाईल तशी वर चढत जाते. आतली बाजू मात्र उलट चालते. दुधातलं पाणी बर्फ होऊन बाजूला होतं तेव्हा साखर उरलेल्या पाण्यातच राहते, कारण बर्फ साखरही आत घेत नाही. निम्मं पाणी गोठलं की उरलेल्या पाण्यातला गोडवा दुप्पट होतो आणि ते गोठायला उणे दोनऐवजी उणे चार लागतं. दोन-तृतीयांश गोठलं की उणे सहा. बाहेरचं खारं पाणी फिकं होत वर येतंय, आतलं गोड पाणी दाट होत खाली जातंय, आणि दोघांची गाठ पडली की पॉट थांबतो. मग दांडा कितीही फिरवा. माझी गाठ उणे चारच्याही वर कुठेतरी पडली असणार.

तिसरी चूक सगळ्यात वाईट. ओतून टाकलेल्या पाण्याबरोबर मी मीठही ओतून टाकलं होतं. वर घातलेल्या ताज्या बर्फाला मिठाचा स्पर्शही नव्हता, तो शून्यावर बसून राहिला. शिवाय ते खारं पाणी म्हणजे डबा आणि बर्फ यांच्यामधला दुवा असतो. बर्फाचे खडे पत्र्याला दोन-चार ठिकाणी टेकतात, बाकी फटींत हवा असते आणि हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही. खारं पाणी त्या फटी भरतं आणि डब्याला सगळीकडून धरतं. आता मी ते मुळीच ओतत नाही. पातळी डब्याच्या झाकणाजवळ येऊ लागली तरच बादलीच्या बाजूच्या भोकातून थोडं सोडते. ते भोक त्यासाठीच असतं. मिठाच्या चुऱ्याने ते बुजलं आणि लक्ष गेलं नाही, तर खारं पाणी झाकणाच्या फटीतून आत उतरतं आणि दीड किलो दूध वाया जातं.

पुढच्या रविवारी तीन किलो बर्फाला सहाशे ग्रॅम जाडं मीठ घेतलं. मिश्रण आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये होतं. बर्फ घरच्या फ्रीजरमधला होता, आणि त्याने मला दहा मिनिटं गोंधळात पाडलं. हा बर्फ उणे पंधरा-अठराला असतो, कोरडा ठणठणीत. त्यावर मीठ टाकलं तर ते वाळूसारखं घरंगळून खाली गेलं. मिठाचं काम सुरू व्हायला पाण्याचा पातळ का होईना, एक पदर लागतो. पेलाभर पाणी शिंपडल्यावर खडे ओले झाले, कुरकुर ऐकू आली आणि पारा उतरायला लागला.

मीठ जाडंच का, हेही तेव्हा समजलं. बारीक मिठाने तापमान काही कमी उतरतं असं नाही, मीठ मीठच असतं. पण बारीक मीठ चटकन विरघळून पाण्याबरोबर तळाला जातं, आणि वर बर्फाचे खडे एकमेकांना चिकटून त्यांची ढेकळं बनतात. जाडा खडा बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये अडकून बसतो आणि हळूहळू विरघळत तिथल्या पाण्याला खारट ठेवतो. बर्फ बारीक फोडायचा तो मात्र वेगळ्या कारणासाठी. वितळणं पृष्ठभागावर होतं, आणि एका मोठ्या ढेकळापेक्षा त्याच्याच चुऱ्याला कितीतरी जास्त पृष्ठभाग असतो. सुपारीएवढे तुकडे मला सोयीचे पडतात. भुगा केला तर तो दाबला जाऊन त्याचीच लादी होते.

मीठ एकदम टाकलं नाही. आधी एक-तृतीयांश, मग दर पाच-सात मिनिटांनी थोडं थोडं. सुरुवातीलाच फार गार केलं तर डब्याच्या भिंतीला बर्फाचा टणक थर धरतो, पाती त्यात अडकते आणि मधलं दूध पातळच राहतं. उलट फार सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मोठे वाढतात आणि जिभेला रवाळ लागतात. पातीचं काम भिंतीवर धरलेला बारीक बर्फ लगेच खरवडून मधे आणायचं असतं, आणि जाता जाता थोडी हवाही मिसळायचं. १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी दांडा फिरवायच्या अशाच यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी डबा बर्फात हाताने हलवायचा आणि मधूनमधून उघडून भिंत खरवडायची, असं चालायचं. झाकण दर वेळी उघडताना मीठ आत पडायची भीती असणारच.

पंचवीस मिनिटांनी बाहेरच्या खाऱ्या पाण्यात तापमापक धरला, उणे पंधरा. लाकडी बादली बाहेरून जेमतेम गार लागत होती, पण डब्याच्या झाकणावर पांढरा थर धरला होता. त्या पाण्यात उघडं बोट घालू नये. भाचीला आधीच बजावलं होतं, कारण शून्याच्या एवढं खालचं पाणी त्वचेला भाजल्यासारखं इजा करतं. दांड्याचा आवाज बदलला, आधी खळखळ होती, मग भरदार घरघर, आणि शेवटी मनगटाला ओढ लागू लागली. ती ओढ हीच माझी खूण. आत जवळपास निम्मं पाणी गोठलेलं असतं आणि पाती त्यातून वाट काढत असते.

थांबून झाकण आणि त्याची कड साध्या पाण्याने नीट धुतली, कोरड्या फडक्याने पुसली आणि मगच उघडलं. पाती उचलली तर तिच्यावर घट्ट, मऊ गोळा. बादलीतून पाणी मोजून काढलं तेव्हा किलोभर बर्फ वितळलेला निघाला. त्यात आत गोठलेल्या अर्ध्या किलो पाण्याचा हिशोब होता, दूध उणे दोनपर्यंत उतरवल्याचा होता आणि हवेने खाल्लेल्याचा होता. बाहेरचा बर्फ पाणी झाला तेव्हा कुठे आतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. पत्र्याच्या भिंतीतून मिठाचा एक कणही आत गेला नव्हता, फक्त उष्णता बाहेर आली होती.

डबा तसाच उरलेल्या बर्फात, वर आणखी थोडं मीठ टाकून, गोणपाट झाकून दोन तास ठेवला. तेवढ्या वेळात आतलं आणखी पाणी गोठतं आणि चमचा उभा राहतो.

बादलीतलं खारं पाणी भाचीच्या हट्टाने टाकलं नाही. आम्ही ते दोन मोठ्या परातींत ओतून गच्चीवर उन्हात ठेवलं. चौथ्या दिवशी परातीच्या तळाला पांढऱ्या चौकोनी दाण्यांचा थर होता. तो आणि बादलीच्या तळाशी न विरघळता उरलेलं मीठ एकत्र करून तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. पाचशे सत्तर ग्रॅम. उरलेलं बादलीच्या लाकडाला आणि आमच्या हातांना लागलं असणार. तिने ते बरणीत भरलं आणि वर चिठ्ठी चिकटवली: "आइस्क्रीमचं मीठ, खाऊ नये". पुढच्या खेपेला आम्ही तेच वापरलं.